खऱ्या फोटोवर खोट्याचा शिक्का

एखादे छायाचित्र कॅमेऱ्याने टिपले आहे की एआयने तयार केले आहे, हे सांगणाऱ्या संगणकीय प्रणालीला डिटेक्टर म्हणतात. फोटो दिला की डिटेक्टर शून्य ते एक यांच्या दरम्यानचा एक आकडा देतो. तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की फोटो कृत्रिम समजला जातो. फोटोत दिसणारी घटना घडली की नाही, हे डिटेक्टरला कळत नाही. तो दोनच गोष्टी तपासतो. पहिली म्हणजे चित्राच्या बिंदूंमध्ये, म्हणजे पिक्सेलमध्ये, उरलेल्या बारीक खुणा, आणि दुसरी म्हणजे चित्राची एकूण धाटणी. सावळ्या चेहऱ्याचा, कमी उजेडातला किंवा जत्रेच्या गर्दीतला फोटो समोर आला की या दोन्ही बाबतींत त्याची गफलत होण्याचा धोका वाढतो.

आधी बारीक खुणांकडे पाहू. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश पडतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडीफार अनियमितता येते. छायाचित्रकार तिला नॉइज म्हणतात. शिवाय सेन्सरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात आणि या भरणीचाही एक ठसा चित्रात राहतो. एआयने तयार केलेल्या चित्रात हा ठसा नसतो. अनेक एआय प्रणाली आधी लहान आकाराचा आराखडा करून तो मोठा करतात. त्या मोठे करण्यात ठरावीक अंतराने येणारी पुसट नक्षी उमटते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण गणिताने पकडता येते. अडचण अशी की या दोन्ही खुणा फार नाजूक असतात. पिक्सेलच्या 256 पायऱ्यांपैकी एक-दोन पायऱ्यांच्या फरकावर सगळा निवाडा अवलंबून असतो.

आता लग्नमंडपातला रात्रीचा एक फोटो घ्या. मागे झगमगती रोषणाई, एकाच्या अंगात पांढरा सदरा आणि शेजारी सावळ्या वर्णाची व्यक्ती. फोन उजेडाचे माप काढतो ते बहुतेक वेळा रोषणाईला आणि सदऱ्याला सांभाळून. सावळी त्वचा मुळातच कमी प्रकाश परत फेकते, त्यामुळे तो चेहरा आणखी अंधारात जातो. समजा, त्या गालावरून शेजारच्या गोऱ्या गालाच्या चौथा हिस्सा प्रकाश सेन्सरपर्यंत आला. प्रकाशातली नैसर्गिक अनियमितता वर्गमुळाच्या नियमाने चालते. म्हणून प्रकाश चौथा हिस्सा झाला की त्या प्रकाशाच्या तुलनेत नॉइज दुप्पट होतो.

इतका नॉइज ग्राहकाला आवडत नाही, हे फोन बनवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. म्हणून फोन एका दाबात अनेक फोटो घेतो, ते एकत्र करतो आणि उरलेला खरखरीतपणा गुळगुळीत करून टाकतो. त्यात कॅमेऱ्याचा मूळ ठसाही बराचसा पुसला जातो. पुढे फोटो व्हॉट्सॲपवर जातो. तिथे तो लहान केला जातो आणि पुन्हा जेपीईजी स्वरूपात दाबला जातो. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि त्यांतले बारीक फरक सरळ शून्य धरते. अंधाऱ्या भागात फरक आधीच लहान असतात, त्यामुळे तेच सर्वात आधी जातात. शेवटी त्या गालाच्या जागी मेणासारखा सपाट पृष्ठभाग उरतो, आणि एआयच्या चित्रांबद्दल नेमकी हीच तक्रार असते. एकाच फोटोतल्या दोन चेहऱ्यांनी डिटेक्टरला दिलेला पुरावा असा वेगवेगळ्या प्रतीचा असतो.

ही चूक एकाच दिशेने होते असे नाही. दाबण्याच्या याच प्रक्रियेत एआयच्या पुसट नक्षीही पुसल्या जातात. त्यामुळे अंधारा, चार वेळा फॉरवर्ड झालेला बनावट फोटो सहज सुटतो. आणि हा दोष त्वचेच्या रंगाचा मुळीच नव्हे. भर दुपारच्या मोकळ्या उजेडात, योग्य माप घेऊन काढलेल्या फोटोत या कारणामुळे पडणारी दरी बरीच कमी होते.

दुसरे कारण शिकवणीत आहे. डिटेक्टरला खऱ्या आणि बनावट चित्रांचे मोठे संच दाखवले जातात आणि दोन्हींतला फरक तो स्वतःच शोधतो. त्याला कोणता फरक सापडेल, यावर कोणाचाही ताबा नसतो. लॉक ट्रिन आणि यान लिऊ या संशोधकांनी 2021 मध्ये तीन प्रचलित डिटेक्टर तपासले, तेव्हा वेगवेगळ्या वंशगटांच्या चेहऱ्यांवरील चुकांच्या प्रमाणात 10.7 टक्क्यांपर्यंत तफावत आढळली. या क्षेत्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या फेसफोरेन्सिक्स प्लस प्लस या संचात बहुसंख्य चेहरे गोऱ्या लोकांचे, त्यातही गोऱ्या स्त्रियांचे होते. त्याहून बोलकी बाब पुढची आहे. बनावट नमुने तयार करताना एका वंशाचा चेहरा दुसऱ्या वंशाच्या किंवा लिंगाच्या व्यक्तीवर बसवला गेला होता. त्यामुळे डिटेक्टर चेहऱ्याची ठेवण आणि बनावटपणा यांचीच सांगड घालू लागले. एका पद्धतीने शिकवलेल्या डिटेक्टरांच्या चुकांचा फटका मुख्यतः आशियाई स्त्रियांच्या चेहऱ्यांना बसला. फेसबुकने 2020 मध्ये घेतलेल्या डीपफेक-शोध स्पर्धेतल्या पहिल्या पाच प्रणालींचीही पुढच्या वर्षी कंपनीच्याच संशोधकांनी पाहणी केली. गडद त्वचेच्या व्यक्तींवर त्याही कमी पडल्या.

शिकवणीत चुकीची खूण पकडली जाते याचा आणखी एक नमुना तर गमतीदार आहे. जेनइमेज या मोठ्या संचात खरी चित्रे जेपीईजी स्वरूपात आणि एआयची चित्रे पीएनजी स्वरूपात होती. त्यावर शिकलेले डिटेक्टर काही अंशी जेपीईजीचे वळ आहेत की नाहीत एवढेच पाहत होते, असे 2024 मध्ये दाखवून देण्यात आले. परीक्षेत गुण उत्तम मिळाले, पण ते दुसऱ्याच विषयात.

प्रदेशाचा प्रश्नही याच शिकवणीतून उभा राहतो. चित्र ओळखण्याच्या संशोधनाचा पाया मानल्या गेलेल्या इमेजनेट या संचाची 2017 मध्ये पाहणी झाली. ज्या चित्रांचा देश कळू शकला त्यांतली सुमारे 45 टक्के एकट्या अमेरिकेतली होती. भारतातली दोन टक्क्यांच्या आसपास होती. अशा संचांवर वाढलेल्या प्रणालीच्या लेखी 'नेहमीचा खरा फोटो' म्हणजे टापटीप रस्ता, मोकळे अंगण आणि पांढऱ्या उजेडातली खोली.

तिच्यासमोर सोमवती अमावास्येचा जेजुरी गडावरचा फोटो ठेवून पाहावा. हवेत भंडाऱ्याचा लोट, पायऱ्या पिवळ्या, कपडे पिवळे आणि चेहरेही पिवळे. हळद निळा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे चित्राचा निळा थर जवळजवळ रिकामा राहतो आणि कॅमेऱ्याच्या तीन साक्षीदारांपैकी एक मुका होतो. उडणाऱ्या भुकटीमुळे माणसांच्या कडा धूसर होतात, दूरचे चेहरे एकमेकांत मिसळतात आणि एखादा हात कोणाचा हेही कळत नाही. डिटेक्टरला एआयच्या चुका म्हणून शिकवलेल्या गोष्टी साधारण अशाच असतात. धाटणीच्या बाजूनेही फोटो संशयास्पद ठरू शकतो. एकाच रंगाची भडक छटा, धुरकट हवा आणि मागून येणारे ऊन हा एआय-चित्रांचा आवडता साज आहे, तर शिकवणीतल्या खऱ्या चित्रांत तो क्वचितच आढळतो. गुलालाने माखलेली विसर्जन मिरवणूक किंवा मांडवातल्या जांभळ्या-हिरव्या दिव्यांखालची आरती याच पंगतीत बसते. फक्त चेहरे तपासणाऱ्या प्रणालीला तर आधी चेहरा सापडावा लागतो. डोळे, नाक आणि ओठ यांच्या जागा ठरवून ती चेहरा कापून घेते. मळवट भरलेल्या कपाळामुळे किंवा ओठांवर येणाऱ्या नथीमुळे ही पहिली पायरीच डळमळू शकते.

काही टक्क्यांच्या या फरकाने काय बिघडते, हे एका कल्पित हिशेबातून दिसेल. एखाद्या वृत्तसंस्थेकडे 10,000 फोटो आले आणि त्यांत 100 बनावट आहेत, असे समजू. डिटेक्टर त्यांतले 90 पकडतो. चांगल्या उजेडातल्या खऱ्या फोटोंपैकी दोन टक्क्यांना तो चुकून कृत्रिम म्हणतो. सगळे फोटो असेच असतील तर 9,900 खऱ्या फोटोंपैकी 198 वर खोटा आळ येईल. म्हणजे शिक्का बसलेल्या 288 पैकी 90, साधारण तीनातला एक, खरोखर बनावट असेल. आता सगळे फोटो अंधारे आणि दाबलेले आहेत आणि चुकीचे प्रमाण आठ टक्के आहे असे धरू. मग 792 खरे फोटो अडकतात. शिक्का बसलेल्या 882 पैकी बनावट असतात तेच 90, म्हणजे दहातला एक. डिटेक्टर तोच आणि मर्यादाही तीच, पण त्याच्या शिक्क्याची किंमत तिपटीहून जास्त घसरली. जाहिरातीत छापलेली एकच सरासरी अचूकता हा फरक झाकून टाकते.

त्याचा भार पडतो तो साध्या फोनवर, रात्री, गर्दीत फोटो काढणाऱ्यांवर. मारहाणीचा, पुराच्या पाण्याचा किंवा रस्त्यावरच्या दांडगाईचा खरा पुरावा बहुधा असाच असतो. ज्याच्याविरुद्ध तो जातो त्याला 'हे एआयचे काम आहे' म्हणायला डिटेक्टरचा चुकीचा आकडा पुरेसा होतो. उलट बाजूने, सुटलेला बनावट फोटो तपासून खरा ठरल्याचे प्रमाणपत्र घेऊन फिरतो.

उपाय आहेत, पण ते सोपे नाहीत. त्वचेच्या रंगानुसार वेगळी मर्यादा ठेवणे हा सर्वात वाईट उपाय. त्यासाठी आधी माणसाचा रंग यंत्राने ठरवावा लागेल आणि बिघाडाचे एक मोठे कारण, म्हणजे अपुरा प्रकाश, तसेच राहील. फोटोचा उजेड, आकार आणि दाब पाहून 'निवाडा देता येत नाही' असे सांगणारा डिटेक्टर जास्त भरवशाचा. स्थानिक फोटो शिकवणीत घालण्यानेही फरक पडतो. मात्र खरे आणि बनावट, दोन्ही संचांत जेजुरी असावी लागते. नाहीतर भंडारा दिसला की फोटो खरा, ही नवी चुकीची खूण यंत्र शिकेल. चित्र तयार होतानाच त्यावर अदृश्य खूण किंवा उगमाची नोंद ठेवण्याच्या पद्धती आता आल्या आहेत. पण खूण नसणे म्हणजे फोटो खरा असणे नव्हे, आणि अशी नोंद फोटो पुढे पाठवताना अनेकदा गळून पडते.

तोवर डिटेक्टरचा आकडा हा चौकशीचा आरंभ मानावा. त्याच घटनेचे दुसऱ्या कोनातले फोटो, जागेच्या खुणा, त्या दिवशीचे हवामान आणि फोटो काढणाऱ्याचे म्हणणे, यांना तो पर्याय ठरत नाही. महत्त्वाचा फोटो काढणाऱ्यांनी मूळ फाइल फोनमधून पुसू नये. पाठवायची झाल्यास व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते, आणि फाइल एकदा जरी दाबली गेली तरी ते मूल्य बदलते.