घर विकलं, आता भाडं कोणाला?

"फ्लॅट विकलाय, पुढच्या महिन्यापासून भाडं या नंबरवर टाका." घर विकल्यावर बहुतेक घरमालक भाडेकरूला एवढंच कळवतात. पण भाडं कोणत्या तारखेपासून नव्या मालकाचं, अनामत रक्कम कोणाकडे आणि जुना करार चालणार की नाही, हे अशा निरोपातून समजत नाही. पुढचे वाद बहुधा यावरूनच होतात.

समजा, पुण्यात कोथरूडला एक फ्लॅट 1 एप्रिलपासून अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला आहे. भाडं 24,000 रुपये, ते दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत द्यायचं. अनामत एक लाख. खरेदीखताची नोंदणी आणि ताबा दोन्ही 18 जूनला झाले.

जूनचं भाडं तोवर जुन्या मालकाला पोचलेलं आहे. मालकांच्या आपसांतल्या हिशेबात भाडं दिवसागणिक मोजलं जातं. रोजचे 800 रुपये धरले, तर 18 ते 30 जून या तेरा दिवसांचे 10,400 रुपये नव्या मालकाचे होतात. वेगळं काही ठरलं नसेल, तर ते जुन्या मालकाने त्याला द्यायचे. भाडेकरूने त्यात पडायचं कारण नाही. विक्रीची कल्पना नसल्याने त्याने जुलैचं भाडंही जुन्याच खात्यात भरलं, तर? भाडेपट्ट्यापुरतं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 109 स्पष्ट सांगतं की, विक्री झाल्याचं समजायला काही कारण नसताना जुन्या मालकाला दिलेलं भाडं नव्याला पुन्हा द्यावं लागत नाही. म्हणूनच पत्र कधी मिळालं, याची लेखी नोंद महत्त्वाची. पत्र मिळाल्यावरही जुन्या खात्यात पैसे भरले, तर हे संरक्षण उरत नाही.

खरी अडचण अनामत रकमेची. ते एक लाख जुन्या मालकाने घेतलेले असतात. भाडेकरू घर सोडताना नवा मालक म्हणतो, "माझ्याकडे आलेच नाहीत." जुना म्हणतो, "मी विक्रीच्या किमतीत वळते करून दिले." यावर दोनच सरळ वाटा आहेत. जुन्या मालकाने रक्कम परत करावी आणि भाडेकरूने ती नव्याकडे भरावी, किंवा विकत घेणाऱ्याने किमतीतून एक लाख वजा करून परतफेडीची जबाबदारी घ्यावी. दुसरी वाट धरली, तर पत्रात असं वाक्य हवं: "आपली 1,00,000 रुपये अनामत रक्कम नवीन मालकांकडे वर्ग केली असून ती परत करण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली आहे." त्याखाली दोघांच्याही सह्या हव्यात.

करार नोंदणीकृत आहे, म्हणजे तो नव्या मालकालाही लागू, असं अनेक जण धरून चालतात. भाडेपट्टा असेल तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो. लिव्ह अँड लायसन्सचं तसं नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे, लायसन्स देणाऱ्याने मिळकत विकली की घेणारा केवळ मालक झाला म्हणून त्या लायसन्सने बांधला जात नाही. त्याला स्वतः राहायचं असेल, तर तो घर सोडायला सांगू शकतो. मात्र सामान हलवायला वाजवी मुदत द्यावीच लागते. पैसे मोजून घेतलेलं लायसन्स भाडेकरूचा दोष नसताना मध्येच संपलं, तर तो जुन्या मालकाकडे भरपाई मागू शकतो. म्हणून राहणं चालू ठेवायचं ठरलं असेल, तर नव्या मालकाबरोबर नवा करार नोंदवून घेणं बरं. महाराष्ट्रात त्या नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे.

नवं खाते खरं आहे का, हेही तपासावं लागतं, कारण "मालक बदलले" अशी थाप मारून भाडं लाटता येतं. कराराच्या वेळचा जो फोन नंबर आहे, त्यावर जुन्या मालकाशी बोलावं आणि खरेदीखताच्या सूची क्रमांक 2 ची प्रत मागावी. तिच्यावर विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, फ्लॅटचं वर्णन आणि नोंदणीची तारीख असते. बँक खाते त्याच घेणाऱ्याच्या नावाचं असावं. घर पतिपत्नी दोघांच्या नावे असेल, तर भाडं कोणाच्या खात्यात टाकायचं, हे दोघांच्या सहीने लिहून घ्यावं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायला वेळ लागतो. तिथे जुनंच नाव दिसलं, म्हणजे विक्री खोटी असं नव्हे. भाडं महिना 50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो, म्हणून नव्या मालकाचा पॅनही पत्रात हवा.

नीट लिहिलेलं पत्र एका पानाचंच असतं. त्यात खरेदीखताची तारीख, नव्या मालकाचं नाव, पत्ता, फोन, खाते क्रमांक व आयएफएससी, नव्या खात्यात कोणत्या महिन्यापासून भाडं भरायचं ते, अनामतीचं वाक्य आणि दोघांच्या सह्या असाव्यात. आधी दिलेले पुढच्या तारखांचे चेक जुन्या मालकाने त्या पत्रासोबतच परत करावेत. ते परत आले नाहीत, तर भाडेकरूने जुन्या मालकाला लेखी कळवून बँकेत त्यांचं पेमेंट थांबवावं आणि मगच नव्या खात्यात पहिलं भाडं भरावं.