नजर चुकली की तारे विझतात

'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' (२०१३) या खेळात लॉस सँटोस शहरात गुन्हा केला, की पडद्याच्या कोपऱ्यात तारे उमटतात. ते जास्तीत जास्त पाच. वरवर पाहता ते पोलिसांच्या रागाचे मोजमाप वाटते. पण खेळाची खरी मजा पोलिसांना तुमच्याबद्दल किती ठाऊक आहे यावर उभी आहे.

समजा, तुम्ही रस्त्यावरची गाडी पळवली आणि ते कोणाच्या तरी नजरेस पडले. एक तारा लागतो. आलेले पोलीस तुम्हाला अटक करू पाहतात. तुम्ही त्यांच्यावरच हल्ला केला तर तारे वाढतात आणि आता ते गोळ्या झाडू लागतात. तिसऱ्या ताऱ्याला हेलिकॉप्टर येते, चौथ्याला नूस हे सशस्त्र पथक. प्रत्येक ताऱ्याबरोबर पळण्याची एकेक वाट बंद होते. साध्या गाडीला गल्लीत चकवता येते, पण हेलिकॉप्टरला वरून सगळी गल्ली दिसते. मग बोगदा किंवा छप्पर शोधावे लागते.

आता उतरणीकडे वळू. तुम्ही सगळ्या पोलिसांच्या नजरेआड झालात, की तारे लुकलुकू लागतात. पोलीस तुम्हाला शेवटचे जिथे पाहिले तिथे जाऊन शोध घेतात. छोट्या नकाशावर प्रत्येक पोलिसासमोर त्याच्या नजरेचा शंकू दिसतो. त्या शंकूत सापडलात तर तारे पुन्हा स्थिर होतात आणि पाठलाग नव्याने सुरू होतो. ठरावीक काळ कोणाच्याच नजरेस पडला नाहीत, तर सारे तारे एकदम विझतात. तारे जितके अधिक, तितका लपून राहण्याचा काळ मोठा. गुपचूप गाडी बदलल्याने फायदा होतो, कारण पोलीस जुनीच गाडी शोधत असतात.

आधीच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४'मध्ये (२००८) नकाशावर शोधाचे वर्तुळ असे आणि त्याबाहेर पडून नजरेआड राहावे लागे. त्यामुळे वेगाने दूर पळणे महत्त्वाचे होते. शंकू आल्यावर जवळच्याच गल्लीत दबा धरून बसणेही उपयोगाचे ठरले.

ही साखळी तुटली की काय होते, ते 'सायबरपंक २०७७'ने दाखवले. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा गुन्हा घडताच पोलीस खेळाडूच्या पाठीशीच प्रकट होत, आणि गाडीतून पाठलाग करत नसत. पोलीस कुठून आले हे कळत नसल्याने पळण्याचे डावपेच आखताच येत नव्हते. सप्टेंबर २०२३ मधल्या २.० या सुधारणेत पोलीस यंत्रणा नव्याने बांधली गेली आणि गाड्यांचा पाठलाग आला.

एक मर्यादा मात्र 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५'मध्येही उरते: तारे विझताच शहर सगळे विसरते. त्याच स्टुडिओच्या 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये (२०१८) पाठलाग संपला तरी डोक्यावरचे इनाम त्या प्रांतात कायम राहते. ते टपाल कचेरीत भरून फेडावे लागते, नाहीतर इनामाच्या लोभाने शिकारी मागावर येतात. तिथे निसटून जाणे आणि गुन्ह्यातून सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.