उकळूनही न मरणारा जीव आणि बारा डबे

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी हा धानाचा पट्टा, म्हणजे इथल्या शाळकरी मुलाच्या डब्यात भात येणारच. मार्च-एप्रिलच्या उन्हात सकाळी भरलेला डबा दुपारी बारापर्यंत टिकवायचा, तर आधी तांदळात दडलेल्या एका जिवाला ओळखायला हवं.

त्याचं नाव बॅसिलस सिरियस. तो मातीत राहतो आणि धानाबरोबर घरात येतो. संकट आलं की टणक कवचाचा बीजाणू होऊन बसतो, आणि थक्क करणारी गोष्ट म्हणजे उकळत्या पाण्यातूनही त्यातले काही बीजाणू जिवंत बाहेर पडतात! भात कोमट झाला की ते जागे होऊन वाढू लागतात. त्यातल्या काही जाती ओकारी आणणारं विष सोडतात. ते पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि त्याला वासही नसतो. भाताला तार सुटली तर टाकायचाच, पण तार नाही म्हणून तो चांगला असं समजू नये. बाहेर राहिलेला रात्रीचा भात डब्यात नकोच.

या जिवाला अडवायचे तीन मार्ग आपल्या स्वयंपाकघरात आहेत: आंबट, कोरडं, गोड. आंबटात त्याची वाढ मंदावते. कोरड्यात त्याला पाणीच मिळत नाही. गोडात पाणी असतं, पण साखर ते धरून ठेवते. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते, म्हणून मोहाचा लाडू उन्हाळ्यातही टिकतो.

तांदूळ, ज्वारी, हरभरा, गहू या चार धान्यांना हे तीन मार्ग लावा. होतात बारा डबे, आणि सोमवार ते शनिवार शाळा धरली तर दोन आठवड्यांचे दिवसही नेमके बाराच! तांदळाचे चिंचेचा भात, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि अनारसे. ज्वारीचे अंबाडीच्या भाजीसोबत भाकर, जवसाची चटणी लावलेली कडक भाकर, आणि ज्वारीचं भाजलेलं पीठ, तीळ नि मोहफुलं कुटून केलेले लाडू. हरभऱ्याचे लिंबू पिळलेली सुकी उसळ, शेव-फुटाणे आणि बेसनाचे लाडू. गव्हाचे कैरीच्या तक्कूसोबत पोळी, तिखट पुऱ्या आणि गुळाची दशमी. आज आंबट भात दिला तर उद्या कोरडी पुरी, परवा मोहाचा लाडू, असं धान्य आणि चव दोन्ही बदलत न्यावं.

यात सर्वात जपायचा तो चिंचेचा भात. सकाळी शिजवा, गरम असतानाच चिंचेचा घट्ट कोळ आणि फोडणी कालवा, मग परातीत पातळ पसरून निववा. वाफ निघून गेल्यावरच झाकण लावा. घाईत गरम भरलात तर वाफेचं पाणी झाकणाला धरून भातावर ठिबकतं आणि कोंडलेली ऊब तासन्‌तास टिकते. कोळ नीट कालवला तरी हा भात दुपारीच संपवायचा, संध्याकाळसाठी ठेवायचा नाही.