‘खोटे’ आणि ‘खात्री पटली नाही’

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मुक्ताईनगरच्या आमच्या गल्लीत कुणाकडेही इंग्रजी कागद आला, की तो माझ्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू असाच एक चार पानी कागद घेऊन आल्या. त्यांच्या मुलीचे, म्हणजे आमच्या ताईचे, लग्न ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या मुलाशी झाले आहे. पत्नी म्हणून तिकडे जाण्यासाठी तिने व्हिसा मागितला होता आणि तो नाकारल्याचे ते पत्र होते.

“काय लिवेल हाये रे त्याच्यात?” काकूंनी विचारले. मी भरभर वाचले आणि सांगून टाकले, “लग्न खोटे आहे असे म्हणतात. आणि दाजींचा पगार कमी पडतो.”

ही दोन्ही वाक्ये चूक होती. त्या चुकीतून जे शिकलो तेच या लेखात मांडतो.

माझ्या पहिल्या वाक्याने काकांना संताप आला. चार दिवसांत त्यांनी लग्नपत्रिका, मांडवातले फोटो आणि विवाह नोंदणीचा दाखला पुन्हा गोळा केला. दुसऱ्या वाक्याने तिकडे दाजी रात्रपाळीची दुसरी नोकरी शोधू लागले. अपिलाला मुदत असते. अर्जदार ब्रिटनबाहेर असेल तर निर्णय हाती पडल्यापासून २८ दिवस. त्यातले चार दिवस माझ्या भाषांतराने खाल्ले.

पत्र मी आमच्या इंग्रजीच्या सरांना दाखवले. सर म्हणाले, “यात ‘फेक’ हा शब्द कुठे आहे, तेवढे दाखव.” तो कुठेच नव्हता. मूळ वाक्य होते, ‘आय ॲम नॉट सॅटिस्फाइड दॅट युवर रिलेशनशिप इज जेन्युइन अँड सबसिस्टिंग’. याचा अर्थ, तुमचे नाते खरे आहे आणि आजही चालू आहे याविषयी माझी खात्री पटलेली नाही. ‘खोटे आहे’ हा आरोप झाला. ‘खात्री पटली नाही’ ही पुराव्यातली उणीव झाली. आरोप असता तर तो खोडावा लागला असता. उणीव असेल तर ती भरावी लागते. ब्रिटनच्या नियमांत खोटी माहिती वा खोटे कागद दिल्याबद्दलचा नकार अगदी वेगळा असतो आणि त्यापायी दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. तो नकार ताईच्या पत्रात नव्हता. मी मात्र तो मराठीत आणून बसवला होता.

पुढची अडचण ‘सबसिस्टिंग’ या शब्दाची. मला पटकन ‘नांदते’ हा शब्द सुचला आणि मी खूशही झालो. पण आपल्याकडे मुलगी नांदते ती सासरी राहून. ताई तर सासरी गेलेलीच नाही. जाण्यासाठीच तिने व्हिसा मागितला आहे. ‘नाते नांदते नाही’ असे लिहिले असते तर जी अट पूर्ण करण्यासाठी परवानगी हवी, तीच आधी पूर्ण करा, असा विचित्र अर्थ झाला असता. म्हणून ‘आजही टिकून, चालू असलेले’ असे साधे शब्द ठेवले. तिथल्या न्यायाधिकरणाने २००६ साली घाना देशातील एका अर्जदाराच्या प्रकरणात हाच मुद्दा स्पष्ट केला होता. लग्न कायद्याने अस्तित्वात आहे एवढे पुरत नाही. ते प्रत्यक्षात चालू आहे का, हे पाहायचे असते. म्हणजे काकांनी जमवलेली पत्रिका आणि दाखला लग्न लागल्याचे सांगत होते. लग्नानंतर काय, याचा पुरावा मूळ अर्जात फारच थोडा होता. पुढे २०१२ साली सुदानच्या एका प्रकरणात न्यायाधिकरणाने टेलिफोन कार्डांनाही संपर्काचा पूरक पुरावा मानले. शब्दाचा नेमका अर्थ लागल्यावर काय गोळा करायचे ते आपोआप कळले. फोनच्या नोंदी, संदेश, दाजी मधल्या काळात गावी आले त्याची तिकिटे.

आता पगाराचे कारण. या व्हिसासाठी एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे आणि दाजींचा पगार त्याहून अधिक आहे. पत्रात पगार कमी असल्याचे म्हटलेलेच नव्हते. नियमांत नोकरदाराने कोणते कागद कशा स्वरूपात द्यायचे ते ठरवून दिलेले आहे. त्यांत पगाराच्या पावत्या, त्याच महिन्यांचे बँकेचे उतारे आणि मालकाचे पत्र येते. त्या पत्रात वार्षिक पगार, नोकरी किती काळाची, सध्याचा पगार कधीपासून मिळतो आणि नोकरी कायम की मुदतीची, एवढे असावे लागते. दाजींच्या मालकाच्या पत्रात ‘सध्याचा पगार कधीपासून’ ही एक ओळ नव्हती. नकारपत्राचे म्हणणे एवढेच होते, की उत्पन्नाचा पुरावा ठरलेल्या स्वरूपात दिलेला नाही. मी ‘ठरलेल्या स्वरूपात’ हे शब्द गाळले आणि दाजींना रात्रपाळी शोधायला लावली. लागत होती ती एक ओळ.

त्यानंतर मी वहीत चार रकाने आखले. पहिल्यात परिच्छेदाचा आकडा, दुसऱ्यात मूळ इंग्रजी वाक्य जसेच्या तसे, तिसऱ्यात मराठी, चौथ्यात त्या कारणाला उत्तर देणारा कागद. दोन कारणे एका वाक्यात आली तर मी ती तोडली, पण एकात एक मिसळली नाहीत. मूळ वाक्य मोघम असले तर मराठीही मोघमच ठेवले. ते नीट करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

अपील लिहिण्याचे काम तिकडच्या वकिलांचे होते. या प्रकारच्या अपिलात ‘अधिकारी चुकला’ एवढे म्हणून भागत नाही. नकारामुळे कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग होतो, हे १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या आधारे मांडावे लागते. माझ्याकडे काम आले ते उलट दिशेचे, ताईच्या मराठी जबाबाचा कच्चा इंग्रजी मसुदा करण्याचे.

तिने लिहिले होते, “आम्ही रोज बोलतो.” आपल्या बोलण्यात ‘रोज’ म्हणजे नेहमी. इंग्रजीत ते ‘एव्हरी डे’ झाले असते. फोनच्या नोंदी पाहिल्या तर कुठे दोन, कुठे तीन दिवस कोरे होते. असा जबाब आणि त्याला जोडलेला कागद एकमेकांविरुद्ध उभे राहिले असते आणि मूळचे खात्री न पटण्याचे कारण बळकट झाले असते. मी इंग्रजीत गुपचूप ‘बहुधा’ घातले नाही. ताईकडे गेलो. तिने नोंदी पाहिल्या आणि स्वतःच्या हाताने मराठीत दुरुस्ती केली, “आठवड्यातून चार-पाच वेळा बोलतो, त्यांची पाळी रात्रीची असेल तर बोलणे होत नाही.” मग तेच इंग्रजीत उतरवले. हे वाक्य पहिल्यापेक्षा लहान दाव्याचे आहे, पण नोंदींशी जुळते.

माझा मसुदा तसाच दाखल झाला नाही. इंग्रजीत नसलेल्या कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. त्यावर भाषांतर अचूक असल्याचा निर्वाळा, तारीख आणि भाषांतरकाराची सही लागते. ते एका व्यावसायिक भाषांतरकाराकडून करून घेतले. त्यांनी माझे तीन शब्द बदलले आणि तिन्ही ठिकाणी त्यांचेच बरोबर होते.

अपील २३ व्या दिवशी दाखल झाले. निकाल अजून यायचा आहे. काकू अधूनमधून विचारतात, “मग त्यांनी लगन खोटं म्हनलंच नव्हतं ना?” मी दर वेळी सांगतो, “नाही काकू, ते मी म्हणालो होतो.”