हृदयाच्या मधली भिंत

दहावीतल्या भाचीला पुस्तकातली हृदयाची आकृती काही केल्या पटत नव्हती. चार चौकोन, त्यांत अर्धे निळे, अर्धे लाल आणि सगळीकडे बाण. शेवटी मी मटणवाल्याला सांगितलं, ‘एक दिल द्या, पण न कापता.’ घरी आणून ते विळीवर आडवं कापलं आणि दोन्ही अर्धे तिच्यासमोर ताटात ठेवले.

पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ताटात तसं नव्हतं. डावीकडची पोकळी गोल होती आणि तिच्याभोवती करंगळीच्या रुंदीएवढी जाड, घट्ट मांसाची भिंत होती. उजवीकडची पोकळी चंद्रकोरीसारखी त्या गोलाला बिलगलेली आणि तिची बाहेरची भिंत इतकी पातळ, की बोटाने दाबली तर आत जात होती. ‘मावशी, ही बाजू एवढी बारीक का?’ भाचीने विचारलं. हृदयाला चार कप्पे का, याचं निम्मं उत्तर त्या प्रश्नातच आहे. माणसाचं हृदयही असंच असतं. डाव्या निलयाची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड, उजव्याची तीन-चार मिलिमीटर.

गंमत अशी, की दोन्ही निलय रक्त मात्र सारखंच ढकलतात. आपण शांत बसलेले असताना दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. उजवं निलय ते फुप्फुसांकडे पाठवतं, डावं बाकीच्या सगळ्या शरीराकडे. दोघांचा हिशोब तंतोतंत जुळावाच लागतो. उजव्याने डाव्यापेक्षा दर ठोक्याला फक्त एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर रक्त जास्त पाठवलं, तर मिनिटभरात साडेतीनशे मिलिलिटर जादा रक्त फुप्फुसांत तुंबेल.

रक्त तेवढंच, पण दाब वेगळा. आपण ब्लड प्रेशर मोजतो तेव्हा वरचा आकडा साधारण १२० येतो. तो डाव्या निलयाचा जोर. उजव्या निलयाचा जोर मोजला, तर तो २५च्या आसपास भरतो. हे आकडे डोळ्यांसमोर आणायचे, तर एक उभी नळी कल्पा. १२०चा दाब रक्ताला नळीत दीड मीटरपर्यंत चढवू शकतो. २५चा दाब जेमतेम फूटभर. डोक्यापर्यंत, मूत्रपिंडांच्या गाळण्यांतून, काम करणाऱ्या मांड्यांच्या स्नायूंतून रक्त फिरवायचं तर मोठा जोर हवा. फुप्फुसं मात्र हृदयाच्या दोन्ही बाजूंना चिकटूनच आहेत. त्यांच्या वरच्या टोकापर्यंत जायला फूटभर पुरतं.

मग फुप्फुसांनाही १२०चा दाब दिला तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण फुप्फुसांत हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो डोक्याच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. तेवढा पातळ असतो म्हणूनच प्राणवायू क्षणार्धात रक्तात उतरतो. त्या पडद्यामागच्या केशवाहिन्यांतला दाब नेहमीच्या दोन-तीन पटींनी वाढला, की रक्तातलं पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत येतं. ज्यांनी घरात कुणाला रात्री दोन वाजता उठून बसून धापा टाकताना, तोंडाला फेस येताना पाहिलं असेल, त्यांनी हेच पाहिलेलं असतं. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात पाणी झालं.

थोडक्यात, एकाच रक्ताला दोन जागी दोन वेगळ्या दाबांनी न्यायचं आहे. एका पंपाला ते जमणार नाही. म्हणून दोन पंप, आणि मध्ये एक भक्कम भिंत.

माशाला हे करावं लागत नाही. त्याच्या हृदयात एक अलिंद, एक निलय. रक्त आधी कल्ल्यांतून जातं आणि तिथे बराचसा जोर गमावून तसंच पुढे शरीरात संथपणे फिरतं. बेडकाला दोन अलिंदं असतात, पण निलय एकच, त्यामुळे दोन्हीकडचं रक्त थोडंबहुत मिसळतं. त्वचेतूनही श्वास घेणाऱ्या बेडकाचं त्यात भागतं. पक्षी आणि सस्तन प्राणी मात्र थंडीतही अंग गरम ठेवतात, त्याला इंधन भरपूर लागतं. या दोन्ही वंशांत निलयांमधली पूर्ण भिंत स्वतंत्रपणे उभी राहिली.

आता वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं. जुन्या पुस्तकांत त्यांना कर्णिका म्हणत. निलय आकुंचन पावतं, त्या वेळात त्याचा दरवाजा बंद असतो, पण शिरांमधून येणारं रक्त काही थांबत नाही. ते साठायला जागा हवी. अलिंद म्हणजे ही ओसरी. निलय सैल पडलं, की मधली झडप उघडते आणि ओसरीतलं बहुतेक रक्त आपसूक आत उतरतं. शेवटी अलिंद स्वतः आकुंचन पावून उरलेला साधारण पाचवा हिस्सा आत ढकलतं. यासाठी हृदयातली विजेची लहर अलिंदातून निलयात जाताना सुमारे एक दशांश सेकंद मुद्दाम अडवली जाते. ती अडवली नाही, तर दोघं एकदम आवळतील आणि एकमेकांच्या विरुद्ध जोर लावतील.

भाचीला मी ताटातल्या हृदयावरच वाट दाखवली. शरीरभर फिरून आलेलं रक्त वरच्या आणि खालच्या महाशिरेतून उजव्या अलिंदात येतं. ते निळं नसतं, काळपट लाल असतं, आणि त्यात अजून पाऊण हिस्सा प्राणवायू शिल्लक असतो. तिथून तीन पाकळ्यांच्या झडपेतून उजव्या निलयात, तिथून फुप्फुसांकडे. फुप्फुसांत लालभडक होऊन चार शिरांनी ते डाव्या अलिंदात येतं, दोन पाकळ्यांच्या झडपेतून डाव्या निलयात उतरतं आणि महाधमनीतून सगळीकडे जातं. झडपा एकाच दिशेने उघडतात. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे ‘लब’ आणि ‘डब’ हे झडपा मिटण्याचे आवाज. ही अख्खी फेरी शांत बसलेल्या माणसात मिनिटभरात पुरी होते.

मधल्या भिंतीवर भाचीने नखाने बरंच चाचपून पाहिलं, कुठे भोक आहे का. तिला मी सांगितलं, की गेलेन नावाच्या ग्रीक वैद्याने या भिंतीत न दिसणारी छिद्रं असतात आणि रक्त त्यांतून पलीकडे जातं, असं लिहून ठेवलं होतं आणि जगाने ते हजार वर्षं मानलं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने लिहिलं, की भिंत भरीव आहे आणि रक्ताला फुप्फुसांतूनच जावं लागतं.

पण कधी कधी भिंतीत खरंच भोक असतं. ही भिंत कशासाठी आहे, हे त्या बाळांकडून जितकं कळतं तितकं आणखी कशातून कळत नाही.

समजा, एक बाळ भरल्या दिवसांचं, चांगल्या वजनाचं जन्मलं. त्याच्या दोन निलयांमधल्या भिंतीत मोठं छिद्र आहे. तरी पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना कदाचित काहीच ऐकू येणार नाही. पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली, त्यांतल्या वाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मानंतर तो अडथळा उतरायला काही आठवडे लागतात. तोवर दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा असतो, म्हणून छिद्रातून फारसं रक्त सरकत नाही. दुसऱ्या महिन्यात उजवीकडचा अडथळा उतरतो आणि डावीकडचं रक्त छिद्रातून उजवीकडे धाव घेतं.

या बाळाच्या शरीराला मिनिटाला एक लिटर रक्त लागतं, असं धरू. छिद्रातून आणखी एक लिटर पलीकडे निसटतं. म्हणजे फुप्फुसांतून दोन लिटर जातं आणि ते दोन्ही लिटर परत येतं डाव्याच बाजूला. रक्त उजवीकडे गळतं, पण दुप्पट काम पडून फुगतं ते डावं निलय. फुप्फुसं ओलसर, जड होतात. बाळ आईच्या दुधावर दोन मिनिटं ओढतं, दमून सोडतं, कपाळाला घाम फुटतो, पुन्हा भुकेने रडतं. वजन वाढत नाही. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. बाळ निळं मात्र पडत नाही, कारण शरीराला जाणारं रक्त स्वच्छच असतं. म्हणूनच घरचे म्हणतात, ‘दूध अंगी लागत नाही’, आणि दिवस जातात.

स्टेथोस्कोपवर एक खरखरता आवाज येतो. त्यात एक चकवा आहे. लहान छिद्रातून रक्त जोराने फवारतं, म्हणून लहान छिद्र मोठा आवाज करतं. फार मोठ्या छिद्राचा आवाज मऊ असू शकतो. त्यामुळे आवाजावरून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. टूडी एको केला, की छिद्र कुठे, केवढं आणि दाब किती, हे दिसतं. भिंतीच्या स्नायूतली लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठ्याला ठिगळ लावावं लागतं, तेही शक्यतो पहिल्या वर्षात.

घाई कशासाठी, ते आता वाचकाला कळेल. पातळ, २५च्या दाबाला सरावलेल्या फुप्फुसांच्या वाहिन्यांवर डाव्या निलयाचा जोर वर्षानुवर्षं आदळत राहिला, तर त्या स्वतःला वाचवायला आतून जाड होतात. जाड झाल्या, की अडथळा वाढतो आणि उजवीकडचा दाब चढत जातो. या काळात मूल बरं वाटायला लागतं, धाप कमी होते, कारण फुप्फुसांत जाणारं जादा रक्त कमी झालेलं असतं. आईवडिलांना वाटतं, आजार गेला. मग एक दिवस उजवीकडचा दाब डावीकडच्याहून जास्त होतो आणि रक्त उलट्या दिशेने वाहू लागतं. काळपट रक्त फुप्फुसांना वळसा घालून थेट शरीरात जातं. ओठ निळे पडतात, बोटांची टोकं फुगीर होतात. व्हिक्टर आयझेनमेंगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १८९७ साली अशा एका रुग्णाचं वर्णन लिहिलं आणि या अवस्थेला त्याचंच नाव मिळालं. इथे पोहोचल्यावर छिद्र बुजवता येत नाही. बुजवलं, तर उजव्या निलयाची दाब बाहेर सोडायची एकुलती एक वाट बंद होते.

लहानपणी एका ठिगळाने सुटला असता, असा हा आजार आहे. म्हणून बाळ दूध पिताना थांबून थांबून दमत असेल, कपाळावर घाम येत असेल, छाती भराभर उडत असेल आणि वजन अडलं असेल, तर ‘नजर लागली’ म्हणून दिवस काढू नका. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला येतं, त्यात जन्मजात हृदयविकाराचीही तपासणी असते आणि पुढचे उपचार मोफत होतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आणि डॉक्टरांनी ‘एको करून घ्या’ म्हटलं असेल, तर मूल वरवर बरं दिसत असलं तरी तो करून घ्या.