दलघमी म्हणजे किती?

जायकवाडी धरणावरच्या अहवालात ‘दलघमी’ प्रथम येईल तिथेच ‘दशलक्ष घनमीटर (दलघमी)’ असे लिहावे, पुढे नुसते दलघमी चालते. सारांश अनेकजण सुटा वाचतात, म्हणून तिथेही पूर्ण रूप द्यावे. मध्येच टीएमसी आणू नये. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी, हा गुणाकार वाचकावर कशाला?

खरा घोळ शब्दांचा होतो. या धरणाचा एकूण साठा २९०९, उपयुक्त २१७१ आणि मृत ७३८ दलघमी. पुढच्या पानावर उपयुक्त साठ्यालाच ‘जिवंत साठा’ म्हटले, की वाचक चौथा आकडा शोधू लागतो. शाळेतल्या निबंधात पुनरुक्ती खटकते. इथे तीच हवी. नुसते ‘साठा ५० टक्के’ तर लिहूच नका. एकूण साठ्याच्या ५० टक्के धरले, तर उपयुक्त पाणी ३३ टक्केच उरते.