सहा शर्यती, एक तिकीट

महालक्ष्मी रेसकोर्सवर जॅकपॉटचं तिकीट काढणाऱ्याला ओळीने सगळे विजेते सांगावे लागतात. ब्रिटनमधल्या टोटचा प्लेसपॉट त्या मानाने मवाळ. दिवसातल्या पहिल्या सहा शर्यती घ्यायच्या, प्रत्येकीत एक घोडा निवडायचा आणि तो जिंकला नाही तरी चालेल, ‘प्लेस’मध्ये आला की पुरे. पाच ते सात घोडे धावले तर प्लेस पहिल्या दोघांना, आठ किंवा जास्त असतील तर तिघांना आणि सोळा किंवा त्याहून जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये चौघांना. चार किंवा कमी घोडे उरले तर जिंकावंच लागतं. सहापैकी एका शर्यतीत घोडा मागे पडला की तिकीट संपलं.

ऐकायला हे सोपं वाटतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ‘माझे सहाही घोडे येण्यासारखे आहेत’ असं म्हणणाऱ्याने प्रत्येक घोड्याचा अंदाज आकड्यात मांडून ते सहा आकडे एकमेकांशी गुणलेले नसतात.

आधी एका शर्यतीचा आकडा काढू. पाच घोडे आहेत असं समजा. बाजारात अ या घोड्याचा भाव ५/४ आहे, म्हणजे चार पौंड लावले तर पाच नफा. भावातली शक्यता काढायची तर चारला नवाने भागायचं: ४४ टक्के. ब ११/४, क ५/१, ड १३/२ आणि इ ९/१. पाचही घोड्यांच्या टक्क्यांची बेरीज १११ येते. शंभराच्या वरचे अकरा हा बुकमेकरचा वाटा, म्हणून प्रत्येक आकड्याला १.११ ने भागायचं. मग जिंकण्याच्या शक्यता साधारण ४०, २४, १५, १२ आणि ९ टक्के उरतात.

आता अ पहिल्या दोघांत येण्याची शक्यता किती? एक तर तो जिंकेल, ते ४० टक्के. नाही तर दुसरा कोणी जिंकेल आणि उरलेल्या चौघांत अ पुढे असेल. समजा ब जिंकला. त्याचे २४ वजा केले की इतरांचे ७६ उरतात आणि त्यात अचे ४०, म्हणून अ दुसरा येण्याची शक्यता ४०/७६. तिला ब जिंकण्याच्या २४ टक्क्यांनी गुणायचं. क, ड आणि इ जिंकले तर काय, याचाही हिशेब असाच करून सगळं मिळवायचं. अचं उत्तर ६९ टक्के येतं आणि बचं ५०. ही रीत संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ साली मांडली. कागद-पेन्सिलीने जमते, म्हणून ती आजही वापरात आहे.

या रीतीत एक खोट आहे. फेव्हरिट जिंकत नाही तेव्हा बरेचदा त्याचा दिवसच वाईट असतो आणि तो थेट मागे फेकला जातो. हार्व्हिलचं गणित हे जमेत धरत नाही, त्यामुळे तगड्या घोड्याची प्लेसची शक्यता ते फुगवून सांगतं. हाँगकाँगच्या शर्यतींवर काम केलेल्या बिल बेंटर यांनी १९९४च्या लेखात यावर दुरुस्ती दिली. दुसऱ्या जागेचा हिशेब करताना प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता ०.८१ या घातांकाने दाबायची आणि तिसऱ्या जागेसाठी ०.६५ ने. आपल्या शर्यतीत ही दुरुस्ती लावली की अ ६९ वरून ६६ वर येतो.

तीन टक्क्यांनी काय बिघडतं? एका शर्यतीत फारसं नाही. पण सहाही शर्यतींत एवढीच फुगवट राहिली तर एकूण शक्यता जवळपास चतुर्थांशाने खोटी ठरते. छोट्या चुका इथे मिळवल्या जात नाहीत, गुणल्या जातात.

आता पूर्ण तिकीट. सहा शर्यतींतल्या तुमच्या घोड्यांची प्लेसची शक्यता अनुक्रमे ६९, ७०, ६०, ६५, ४५ आणि ६० टक्के धरा. पाचवी शर्यत अठरा घोड्यांची हँडिकॅप आहे, म्हणून तिथला आकडा कमी. प्रत्येक ठिकाणी घोडा न येण्यापेक्षा येण्याची शक्यता जास्त, अपवाद फक्त एक. तरी गुणाकार येतो ५ टक्के. वीस तिकिटांत एक.

म्हणून लोक एका शर्यतीत दोन-दोन, तीन-तीन घोडे घेतात. मात्र ओळी गुणाकाराने वाढतात. पहिल्या आणि तिसऱ्या शर्यतीत दोन घोडे आणि पाचवीत तीन घेतले तर दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे बारा ओळींचे पैसे. अ आणि ब या दोघांपैकी निदान एक येण्याची शक्यता किती, हे काढताना ६९ आणि ५० ची बेरीज चालत नाही. क, ड आणि इ या तिघांनीच पहिल्या दोन जागा घेण्याची शक्यता आधी काढायची. ती सुमारे १० टक्के, म्हणून उत्तर ९०. तिसरी शर्यत ८० पर्यंत आणि पाचवी ७५ पर्यंत गेली असं धरलं, तर सहाही शर्यती पार पडण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास येते. पैसे बारापट, शक्यता तिप्पट. हे वाटतं तितकं वाईट नाही, कारण तिकीट तगलं की कधी दोन, कधी चार ओळी एकदम लागतात आणि प्रत्येक ओळीला वेगळा डिव्हिडंड मिळतो. तरी सरासरीने दर ओळीची शक्यता पाचवरून साडेतीन टक्क्यांखाली घसरलेली असते, कारण नंतर घेतलेले घोडे पहिल्या पसंतीपेक्षा कच्चे असतात.

जादा घोडा कुठे घ्यायचा, हेही यातूनच ठरतं. पहिल्या शर्यतीत दुसरा घोडा घेतला तर ६९ चे ९० होतात, म्हणजे एकूण शक्यता १.३ पट. हँडिकॅपमध्ये दुसरा घेतला आणि ४५ चे ६६ झाले तर जवळपास दीडपट. खर्च दोन्हीकडे दुप्पटच. तेव्हा खात्रीच्या शर्यतीला एक घोडा पुरे, आणि पैसे सर्वात कच्च्या शर्यतीवर घालावेत. बरेच जण उलट करतात: फेव्हरिट ओळखीचा वाटतो म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक घेतात आणि अठरा घोड्यांच्या गर्दीत एकट्याला सोडून देतात.

हिशेब मोडणारी सर्वात नेहमीची गोष्ट म्हणजे ऐन वेळी रद्द झालेला घोडा. आठ घोड्यांच्या शर्यतीतून एक निघून गेला की सात उरतात आणि तिसरी प्लेस नाहीशी होते. तुमच्या घोड्यात काहीच बदललेलं नसतं, तरी त्याची शक्यता एकदम खाली येते. निघून गेलेला घोडा तुमचाच असेल तर टोट तुम्हाला त्या शर्यतीच्या फेव्हरिटवर टाकतं. बरोब्बर आठ घोड्यांची शर्यत दिसली की दोन्ही परिस्थितींचा आकडा काढून ठेवावा. पावसाचंही तसंच. सगळे घोडे कोरड्या धावपट्टीचे निवडले असतील आणि दुपारी पाऊस कोसळला, तर सहा शर्यती स्वतंत्र राहत नाहीत, एकदम बिघडतात. नुसत्या गुणाकारात हे दिसत नाही.

आपले अंदाज खरे आहेत का, हे लागलेल्या प्लेसपॉटवरून कळणार नाही. वीसात एकदा घडणारी गोष्ट तपासायला फार काळ जातो. त्याऐवजी प्रत्येक शर्यतीची नोंद ठेवावी. ज्या घोड्यांना तुम्ही ६० ते ७० टक्के दिले, त्यांतले किती प्लेसमध्ये आले? वीस तिकिटांतून एकशेवीस नोंदी मिळतात आणि आकडे फुगवलेले असतील तर ते तिथे दिसू लागतं.

तगून राहणं म्हणजे फायदा नव्हे, हेही ध्यानात असावं. टोट प्लेसपॉटच्या पूलमधून २७ टक्के आधीच काढून घेतं आणि उरलेले ७३ लागलेल्या ओळींमध्ये वाटले जातात. सहाही शर्यतींत फेव्हरिट आले तर तुमच्यासारखे हजारो जण तगलेले असतात आणि डिव्हिडंड किरकोळ निघतो. ५ टक्क्यांच्या एका पौंडाच्या ओळीला, ती लागेल तेव्हा सरासरी वीस पौंड तरी मिळायला हवेत. तेवढे मिळण्यासारखे नसतील तर तिकीट काढू नका.